छोट्या धर्मादाय ट्रस्टचा हिशेब: पावती, राखीव निधी आणि करसवलत याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान महाराष्ट्रातल्या छोट्या सार्वजनिक ट्रस्टच्या खजिनदारांसाठी आहे. वाचनालय, अभ्यासिका, शिष्यवृत्ती, रुग्णसेवा असं काम करणारे, धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी असलेले आणि आयकरातली १२-एबी नोंदणी व ८०-जी मान्यता मिळालेले ट्रस्ट डोळ्यांसमोर ठेवून ते लिहिलं आहे. सगळ्या उत्तरांत एकच काल्पनिक उदाहरण वापरलं आहे: तालुक्याच्या गावातला, अभ्यासिका चालवणारा आणि गरजू मुलांना शिष्यवृत्ती देणारा ट्रस्ट, वर्ष २०२४-२५. कलमांचे आणि फॉर्मचे क्रमांक १९६१ च्या आयकर कायद्यातले आहेत, कारण त्या वर्षाला तोच कायदा लागू आहे. १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा आयकर कायदा आला. त्यात क्रमांक बदलले आणि आपल्यासारख्या ट्रस्टला 'नोंदणीकृत ना-नफा संस्था' असं नाव मिळालं. उत्पन्नाचे ८५ टक्के उद्दिष्टांवर खर्च करण्याचा नियम, कॉर्पस म्हणजे कायम निधीची वेगळी वागणूक आणि निनावी देणगीवरचा कर मात्र तिथेही आहेत.

पावती फाडताना नाव आणि रक्कम लिहिली की पुरत नाही का?

नाही. ट्रस्टच्या हिशेबातल्या बहुतेक अडचणी मला मार्चअखेरीस दिसतात, पण त्यांचं मूळ पावतीपुस्तकात असतं. पैसा आला त्या क्षणी तो कोणत्या प्रकारचा आहे हे ठरलं नाही, तर वर्षाच्या शेवटी ते कोणालाच नीट आठवत नाही. मग ऑडिटर विचारतो आणि आपण अंदाजाने उत्तर देतो.

पावतीवर देणगीदाराचं पूर्ण नाव, पत्ता, पॅन, तारीख, रक्कम, पैसे कसे आले (रोख, धनादेश, यूपीआय) आणि देणगी कशासाठी, एवढं तरी हवं. शेवटचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा आणि नेमका तोच रिकामा राहतो. त्यात तीनपैकी एक गोष्ट लिहायची: सर्वसाधारण, विशिष्ट कारणासाठी (कारणाचं नाव लिहून), किंवा कॉर्पस म्हणजे कायम निधी. पावतीपुस्तक छापून घेताना या तीन चौकटी छापूनच घ्या. हाताने लिहायचं राहून जातं, छापील चौकटीत खूण करायची मात्र राहत नाही.

पावत्यांना सलग क्रमांक हवेत. रद्द पावतीच्या दोन्ही प्रती पुस्तकातच ठेवा. आयकर नियम १७-एए नुसार ही पुस्तकं आणि हिशेबाच्या वह्या संबंधित करनिर्धारण वर्ष संपल्यानंतर दहा वर्षं जपायच्या आहेत. कपाटात जागा नाही म्हणून मागच्या खजिनदाराने रद्दीत घातलेली पावतीपुस्तकं नव्या खजिनदाराच्या गळ्याशी येतात.

यूपीआयने पैसे आले, पण कोणी आणि कशासाठी दिले हे कळत नाही. काय करायचं?

बँकेच्या पासबुकात बऱ्याचदा फक्त नाव आणि एक लांबलचक क्रमांक दिसतो. दर आठवड्याला पासबुक समोर ठेवून अशा नोंदींचा माग काढा. क्यूआर कोडच्या फलकावरच 'पैसे भरल्यावर नाव, पत्ता, पॅन या क्रमांकावर कळवा' असं लिहिलं, तर निम्मं काम होतं. माग लागेपर्यंत ती रक्कम 'ओळख न पटलेल्या देणग्या' अशा वेगळ्या खात्यात ठेवा. ती सर्वसाधारण देणगीत मिसळली, तर नंतर शोधणार कोण? ३१ मार्चपर्यंत माग लागलाच नाही, तर ती निनावी देणगी धरावी लागते. त्याबद्दल पुढे लिहिलं आहे.

'कॉर्पस' आणि 'विशिष्ट कारणासाठीची देणगी' यात फरक काय? दोन्ही राखीवच ना?

राखीव दोन्ही आहेत, पण राखण्याचा अर्थ वेगळा आहे. इथली गल्लत ट्रस्टला सगळ्यात महाग पडते, म्हणून थोडं सविस्तर सांगतो.

आपल्या ट्रस्टला २०२४-२५ मध्ये दोन मोठ्या देणग्या आल्या. एका कुटुंबाने निवृत्त शिक्षक वडिलांच्या स्मरणार्थ ५ लाख रुपये दिले आणि लिहून दिलं की ही रक्कम कायम निधीत राहावी, तिच्या व्याजातून काम व्हावं. दुसऱ्या एका डॉक्टरांनी ३ लाख दिले आणि सांगितलं, 'हे दहावीनंतर शिकणाऱ्या मुलींच्या शिष्यवृत्तीलाच वापरा.'

पहिली रक्कम कॉर्पस आहे. मुद्दल ठेवायचं आणि व्याज खर्च करायचं. दुसरी रक्कम खर्चासाठीच आली आहे, फक्त कशावर खर्च करायची हे देणाऱ्याने ठरवून दिलं आहे. ताळेबंदात दोन्ही डाव्या बाजूला निधी म्हणून दिसतात. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० खालच्या नियमांत ताळेबंदाचा नमुना परिशिष्ट आठमध्ये आहे. तिथेही कायम निधी आणि इतर विशिष्ट निधी अशी दोन वेगळी शीर्षकं आहेत.

आयकराच्या नजरेत मात्र दोन्हींत मोठं अंतर आहे. लेखी सूचनेनुसार आलेली आणि कायद्याने ठरवलेल्या प्रकारांत वेगळी गुंतवलेली कॉर्पस देणगी त्या वर्षाच्या उत्पन्नात धरली जात नाही. विशिष्ट कारणाची देणगी मात्र देणगी म्हणून उत्पन्नात धरायची आणि तिला ८५ टक्के खर्चाचा नियम लावायचा, हाच सुरक्षित मार्ग आहे. ताळेबंदात ती निधी म्हणून ठेवली म्हणून ती उत्पन्नातून आपोआप सुटत नाही. खजिनदार म्हणतात, 'हे पैसे आमचे नाहीतच, शिष्यवृत्तीचे आहेत.' मुलींच्या दृष्टीने ते खरं आहे. कराच्या गणनेत तेवढ्याने भागत नाही.

कॉर्पस देणगीसाठी तोंडी सांगितलं तर चालेल का?

चालवू नका. कायद्यात 'विशिष्ट सूचना' हवी असं म्हटलं आहे आणि ती सिद्ध करायची जबाबदारी आपली आहे. ट्रस्टींनी बैठकीत ठराव करून एखादी देणगी कॉर्पसमध्ये टाकली, तरी ती कॉर्पस होत नाही. सूचना देणाऱ्याकडूनच आली पाहिजे, तीही देणगी देतानाच. पत्र साधं असलं तरी पुरतं:

'मी दि. … रोजी धनादेश क्र. … द्वारे रु. ५,००,००० आपल्या ट्रस्टला देत आहे. ही रक्कम ट्रस्टच्या कायम निधीचा (कॉर्पस) भाग म्हणून कायम ठेवावी, ही माझी सूचना आहे. तिच्या व्याजाचा वापर ट्रस्टच्या उद्दिष्टांसाठी करावा.'

खाली सही, पत्ता, पॅन. पत्राची एक प्रत पावतीच्या मागे लावा. आणि रक्कम आल्यावर तिची वेगळी मुदत ठेव करा. १ एप्रिल २०२१ पासून कॉर्पसची सूट मिळवण्यासाठी ती रक्कम त्या कॉर्पससाठीच वेगळी राखून, मान्य प्रकारात गुंतवलेली असावी लागते. बचत खात्यात इतर पैशांत मिसळलेली ५ लाखांची रक्कम दाखवून 'हेच ते' असं म्हणता येत नाही. ठेवीच्या पावतीवर किंवा निदान आपल्या ठेव नोंदवहीत 'कॉर्पस – अमुक स्मृती निधी' असं लिहा.

त्या ठेवीचं व्याज हे ट्रस्टचं नेहमीचं उत्पन्न आहे आणि ते ८५ टक्क्यांच्या गणनेत येतं.

विशिष्ट निधीची नोंद वहीत कशी करायची?

डॉक्टरांचे ३ लाख आले तेव्हा बँक खातं नावे आणि 'मुलींचा शिष्यवृत्ती निधी' जमा. हा निधी ताळेबंदात डाव्या बाजूला. वर्षभरात १ लाख ४० हजारांच्या शिष्यवृत्त्या दिल्या. प्रत्येक वेळी निधी नावे, बँक जमा. ३१ मार्चला निधीत १ लाख ६० हजार शिल्लक.

ही पद्धत मला आवडते, कारण देणगीदार विचारायला आला तर एकच खातं उघडून दाखवता येतं. पण हिच्यात एक अडचण आहे. हे ३ लाख आणि १ लाख ४० हजार उत्पन्न-खर्च पत्रकात दिसतच नाहीत. मग आयकराची गणना उत्पन्न-खर्च पत्रकावरून केली की देणगीही सुटते आणि खर्चही सुटतो. म्हणून गणनेच्या कागदावर हे दोन्ही आकडे हाताने परत आणावे लागतात. दरवर्षी ऑडिटरला देताना निधीवार एक तक्ता द्या: सुरुवातीची शिल्लक, वर्षात आलेले, वर्षात दिलेले, अखेरची शिल्लक. एका पानाचं काम आहे, पण ऑडिटमधले बरेच प्रश्न त्याने संपतात.

निधीतले पैसे चुकून दुसरीकडे खर्च झालेत का, हे कसं ओळखायचं?

एक बेरीज करा. सगळ्या निधींच्या शिल्लकी, म्हणजे कॉर्पस ५ लाख अधिक शिष्यवृत्ती १ लाख ६० हजार, मिळून ६ लाख ६० हजार. आता बँकेतली शिल्लक आणि मुदत ठेवी मिळून किमान एवढे पैसे हातात आहेत का ते पाहा. आपल्या उदाहरणात वर्षात एकूण १४ लाख ६० हजार आले आणि ७ लाख गेले. आधीची शिल्लक नव्हती असं धरलं, तर ७ लाख ६० हजार उरले. म्हणजे निधी शाबूत आहेत आणि वर १ लाख सर्वसाधारण कामाचे आहेत.

हातातले पैसे ६ लाख ६० हजारांच्या खाली आले असते, तर पगारासाठी किंवा भाड्यासाठी कोणाच्या तरी निधीला हात लागला आहे, हे वह्या न चाळताही कळलं असतं. ही तपासणी मार्चमध्ये एकदा करून पुरत नाही. दर तिमाहीला करा, म्हणजे भोक मोठं होण्याआधी सापडतं.

नाव न सांगता दिलेली देणगी घ्यावी का? दानपेटीचं काय?

घ्यायला बंदी नाही, पण करात फरक पडतो. देणाऱ्याचं नाव-पत्ता नोंदवलेला नसेल तर ती निनावी देणगी. धर्मादाय ट्रस्टला अशा देणग्यांपैकी एक मर्यादा सोडून वरच्या रकमेवर ३० टक्के कर लागतो. ती मर्यादा म्हणजे एकूण देणग्यांच्या ५ टक्के किंवा १ लाख रुपये, यांतलं जे जास्त असेल ते. आपल्या ट्रस्टच्या वर्षभरातल्या देणग्या १२ लाख २० हजार. त्याचे ५ टक्के ६१ हजार. म्हणजे मर्यादा १ लाखाची. अभ्यासिकेच्या दारातल्या पेटीत वर्षाला वीस-तीस हजार जमत असतील तर काळजीचं कारण नाही. निव्वळ धार्मिक ट्रस्टला, उदाहरणार्थ देवस्थानाला, हा कर लागत नाही.

पेटी उघडताना दोन ट्रस्टी आणि एक बाहेरचा माणूस हजर ठेवा, मोजणीचा छोटा पंचनामा करून सह्या घ्या आणि ती रक्कम जशीच्या तशी बँकेत भरा. पेटीतूनच चहापाण्याचा किंवा वीजबिलाचा खर्च करू नका. तसं केलं की किती जमलं याचा पुरावाच उरत नाही.

रोख देणगीवर ८०-जी पावती देता येते का?

२,००० रुपयांपर्यंत. त्यापेक्षा जास्त रोख दिली तर देणाऱ्याला वजावट मिळत नाही. २ हजारांच्या दोन पावत्या फाडून मार्ग काढू नका. तुमच्याच पावतीपुस्तकात ते दिसतं. धान्य, पुस्तकं, साड्या अशा वस्तूंच्या देणगीवरही वजावट नाही. त्यांची पोच वेगळ्या पुस्तकातून द्या आणि साठा नोंदवहीत लिहा.

आणखी एक गोष्ट देणगीदारांना आधीच सांगणं बरं. नवी करप्रणाली निवडणाऱ्या पगारदाराला ८०-जी ची वजावट मिळतच नाही. जुनी प्रणाली घेणाऱ्यालाही आपल्यासारख्या बहुतेक ट्रस्टना दिलेल्या देणगीची निम्मी रक्कमच वजा होते आणि त्यालाही उत्पन्नाच्या प्रमाणात मर्यादा आहे. 'पूर्ण कर वाचेल' असं कोणालाही सांगू नका. पुढच्या वर्षी तो माणूस तुमच्याकडे वळून पाहणार नाही.

आम्ही पावती दिली. आता देणगीदार 'प्रमाणपत्र' मागतो, ते कोणतं?

फॉर्म १०-बीई. वर्षभरातल्या ८०-जी देणग्यांचं विवरण फॉर्म १०-बीडी मध्ये आयकराच्या संकेतस्थळावर ३१ मेपर्यंत भरायचं असतं. ते भरल्यावर प्रत्येक देणगीदाराचं प्रमाणपत्र तिथूनच मिळतं. त्याच्या विवरणपत्रातली वजावट या माहितीशी ताडली जाते, त्यामुळे आपली कागदी पावती आता एकटी पुरत नाही.

या फॉर्ममध्ये देणगीचा प्रकारही विचारतात: कॉर्पस, विशिष्ट अनुदान, इतर वगैरे. म्हणून पावतीवरच्या तीन चौकटींचा मी एवढा आग्रह धरतो. त्या भरलेल्या असतील तर १०-बीडी एका संध्याकाळी होतो. उशीर झाला तर दिवसाला २०० रुपये शुल्क आहे आणि शिवाय दंड १० हजारांपासून १ लाखापर्यंत होऊ शकतो. छोट्या ट्रस्टसाठी ही रक्कम म्हणजे एका मुलीची वर्षभराची फी आहे.

८५ टक्के खर्चाचा नियम नेमका कसा मोजायचा?

आपलंच उदाहरण घेऊ. २०२४-२५ मध्ये सर्वसाधारण देणग्या ४ लाख २० हजार, अभ्यासिकेची वर्गणी १ लाख ८० हजार, व्याज ६० हजार आणि डॉक्टरांची शिष्यवृत्तीसाठीची देणगी ३ लाख. एकूण ९ लाख ६० हजार. कॉर्पसचे ५ लाख यात नाहीत, कारण पत्र आहे आणि वेगळी ठेवही आहे.

याचे १५ टक्के, म्हणजे १ लाख ४४ हजार, कोणतीही अट न घालता बाजूला ठेवता येतात. उरलेले ८ लाख १६ हजार त्याच वर्षात ट्रस्टच्या उद्दिष्टांवर खर्च व्हायला हवेत.

आता खर्च. ग्रंथपालाचा पगार, भाडं, वीज, वर्तमानपत्रं मिळून ४ लाख ९० हजार. शिष्यवृत्त्या १ लाख ४० हजार. टेबलं आणि कपाटं ७० हजार. भांडवली खर्चही यात धरला जातो. बेरीज ७ लाख. शिवाय ऑडिट फीची २० हजारांची तरतूद वहीत आहे, पण पैसे ३१ मार्चपर्यंत दिलेले नाहीत.

इथे दोन गाळण्या लागतात. पहिली, प्रत्यक्ष दिलेले पैसेच धरायचे. म्हणून ऑडिट फीचे २० हजार यंदा नाहीत. ज्या वर्षी देऊ त्या वर्षी धरू. दुसरी, एका दिवशी एकाच माणसाला १० हजारांपेक्षा जास्त रोख दिली तर ती रक्कम बाद. आपल्या खजिनदाराने सुताराला २५ हजार एकाच दिवशी रोख दिले. काम झालं, कपाटं उभी आहेत, बिल आहे, तरी ते २५ हजार गणनेत येत नाहीत. उरले ६ लाख ७५ हजार.

८ लाख १६ हजारांतून ६ लाख ७५ हजार गेले की १ लाख ४१ हजार कमी पडतात. काहीच केलं नाही तर या रकमेवर ३० टक्के, म्हणजे ४२,३०० रुपये कर आणि वर उपकर.

कमतरता १ लाख ४१ हजार आणि शिष्यवृत्ती निधीची शिल्लक १ लाख ६० हजार, हे दोन आकडे जुळत नाहीत म्हणून गोंधळू नका. एक आकडा कराच्या नियमाने सगळ्या उत्पन्नावर निघाला आहे, दुसरा देणगीदाराला दिलेल्या शब्दाचा आहे. दोन्ही वेगवेगळे सांभाळायचे असतात. फॉर्ममध्ये पहिला आकडा जातो, ताळेबंदात दुसरा.

मग ही कमतरता भरून कशी काढायची?

वर्ष संपलं असेल तर फॉर्म १० हाच मार्ग. ट्रस्टींच्या बैठकीत ठराव करायचा की २०२४-२५ च्या उत्पन्नापैकी १ लाख ४१ हजार रुपये मुलींच्या शिष्यवृत्तीसाठी राखून ठेवत आहोत आणि पुढच्या पाच वर्षांच्या आत, म्हणजे ३१ मार्च २०३० पर्यंत, खर्च करू. उद्देश नेमका लिहा. 'ट्रस्टच्या सर्व उद्दिष्टांसाठी' असं लिहिलेले फॉर्म वादात सापडले आहेत. रक्कम मान्य ठिकाणी गुंतवायची आणि फॉर्म संकेतस्थळावर भरायचा. विवरणपत्राच्या मुदतीच्या दोन महिने आधी तो भरायचा आहे. मूळ मुदत ३१ ऑक्टोबर, म्हणून ३१ ऑगस्ट ही तारीख धरून चाला. मुदतवाढ मिळेल हे गृहीत धरू नका.

पुढे २०२५-२६ मध्ये या राखलेल्या पैशांतून ८० हजारांच्या शिष्यवृत्त्या दिल्या, तर तो खर्च २०२५-२६ च्या ८५ टक्क्यांत पुन्हा मोजायचा नाही. तो जुन्या राखलेल्या रकमेतून वजा होतो. ही दुहेरी मोजणी मी इतक्या ट्रस्टांत पाहिली आहे की राखलेल्या रकमेचं वेगळं पान उघडा असं मी आता पहिल्याच भेटीत सांगतो. पाच वर्षांत पैसे संपले नाहीत तर शेवटच्या वर्षी उरलेली रक्कम करपात्र होते. राखलेले पैसे दुसऱ्या ट्रस्टला देऊन टाकण्याचीही मुभा नाही.

वर्ष अजून चालू असेल तर फेब्रुवारीतच ही गणना करून पाहा. तेव्हा फी भरायला पैसे नसलेल्या मुली सापडतात आणि फॉर्मची गरजही कमी होते.

गावातल्या पतसंस्थेत जास्त व्याज मिळतं. ठेव तिथे ठेवली तर?

ठेवू नका. मी हे कळकळीने सांगतो, कारण अध्यक्षच पतसंस्थेचे संचालक असतात आणि नाही म्हणणं जड जातं. आयकर कायद्यातली मान्य गुंतवणूक म्हणजे अनुसूचित बँक, बँकिंग व्यवसाय करणारी सहकारी बँक, टपाल खात्याच्या बचत योजना, सरकारी रोखे वगैरे. पतसंस्था ही बँक नाही. राज्याच्या कायद्यात तर कलम ३५ नुसार सहकारी बँकही राज्य सरकारने मान्य केलेली हवी. मान्य नसलेल्या ठिकाणी पैसे ठेवले तर त्याच्याशी निगडित उत्पन्नाची सूट जाते आणि त्यावर ३० टक्के दराने कर लागतो. एक-दीड टक्का जास्त व्याजासाठी हे परवडत नाही. पतसंस्था अडचणीत आली तर मुद्दलाचं काय होतं, ते आपल्या भागात अनेकांनी सोसलं आहे.

पगाराला पैसे कमी पडले. कॉर्पसच्या ठेवीतून दोन महिने उसने घेता येतील का?

देणाऱ्याने मुद्दल कायम ठेवायला सांगितलं आहे, म्हणून पहिलं उत्तर नाही असंच आहे. तरीही ट्रस्टींनी अपरिहार्य म्हणून वापरलं, तर करात त्याचा परिणाम समजून घ्या. कॉर्पसमधून केलेला खर्च त्या वर्षीच्या ८५ टक्क्यांत धरला जात नाही. नंतर उत्पन्नातून तेवढी रक्कम पुन्हा कॉर्पसच्या ठेवीत भरली की त्या वर्षी ती धरली जाते, पण हे पाच वर्षांच्या आत व्हायला हवं. म्हणून 'कॉर्पसमधून उचल' असं वेगळं खातं ठेवा आणि बैठकीचा ठराव लिहा. कर्ज काढायचा विचार असेल, तर त्याला आधी धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते.

धर्मादाय आयुक्तांचं ऑडिट आणि आयकराचं ऑडिट एकच का?

वह्या एकच, अहवाल दोन. धर्मादाय कार्यालयाला परिशिष्ट आठ आणि नऊच्या नमुन्यातला ताळेबंद व उत्पन्न-खर्च पत्रक आणि लेखापरीक्षकाचा अहवाल जातो. आयकरासाठी सूट धरण्यापूर्वीचं उत्पन्न करमुक्त मर्यादेच्या वर असेल, तर फॉर्म १०-बी किंवा १०-बीबी लागतो. उत्पन्न ५ कोटींच्या आत, परदेशी देणगी नाही, भारताबाहेर खर्च नाही, असा आपला ट्रस्ट असल्याने आपल्याला १०-बीबी. त्याची मूळ मुदत ३० सप्टेंबर. मग आयटीआर-७. दोन्हीकडे निधीच्या शिल्लकी सारख्याच दिसल्या पाहिजेत. दोन वेगळ्या माणसांनी दोन वेगळे ताळेबंद बनवल्याचं मी पाहिलं आहे, तसं होऊ देऊ नका.

१२-एबी ची नोंदणी एकदा मिळाली की कायमची ना?

पूर्वी कायमची असायची. आता तात्पुरती नोंदणी तीन वर्षांची आणि नियमित नोंदणी पाच वर्षांची असते. लहान ट्रस्टना, म्हणजे अर्जाच्या आधीच्या दोन्ही वर्षांत सूट धरण्यापूर्वीचं उत्पन्न ५ कोटींच्या वर गेलेलं नसेल तर, १ एप्रिल २०२५ पासूनच्या अर्जांना १२-एबी ची नोंदणी दहा वर्षांची मिळण्याची तरतूद झाली. ही सोय १२-एबी ला आहे. ८०-जी ची मुदत आपल्या आदेशावर वेगळी तपासा. नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपण्याच्या किमान सहा महिने आधी करायचा. तात्पुरती नोंदणी असताना काम सुरू झालं असेल, तर ते सुरू झाल्यापासून सहा महिन्यांत नियमित नोंदणीचा अर्ज करायचा. ही अट खूप ट्रस्टांकडून राहून जाते. नोंदणी गेली तर ट्रस्टच्या निव्वळ मालमत्तेच्या किमतीवरही कर लागू शकतो, म्हणून आदेशाची प्रत आणि संपण्याची तारीख कार्यालयाच्या भिंतीवर लावा.

आमच्या गावचा मुलगा अमेरिकेत असतो. त्याची देणगी घ्यावी का?

त्याचा पासपोर्ट कोणता, हे आधी विचारा. भारतीय पासपोर्ट असेल आणि तो स्वतःच्या कमाईतून नेहमीच्या बँक मार्गाने पैसे पाठवत असेल, तर ती परदेशी देणगी धरली जात नाही. पासपोर्टची प्रत पावतीला जोडून ठेवा. त्याने अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं असेल, तर ओसीआय कार्ड असलं तरी ती परदेशी देणगी आहे. त्यासाठी एफसीआरए नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते आणि ते पैसे स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतल्या मुख्य शाखेच्या खात्यातच यावे लागतात. नोंदणी नसताना असा पैसा आपल्या गावच्या खात्यात येऊ देऊ नका, रक्कम कितीही छोटी असली तरी. त्याचे भारतात राहणारे, भारतीय नागरिक असलेले आईवडील स्वतःच्या पैशातून द्यायला तयार असतील, तर त्यांच्या नावाने, त्यांच्या पॅनवर नेहमीची पावती फाडा. मुलाने त्यासाठी आईवडिलांच्या खात्यात पैसे पाठवून तेच ट्रस्टला वळते करायचे असतील, तर मात्र ती परदेशी देणगीच ठरू शकते.